एस-व्हिडिओची पिन वाकली, सरळ केली, तरी चित्र काळंपांढरंच

कॅसेटवाली
नमस्कार मंडळी. मुलांच्या लहानपणच्या व्हीएचएस टेपा संगणकावर उतरवायला घेतल्या आहेत. व्हीसीआर एस-व्हीएचएस आहे, मागे एस-व्हिडिओचं गोल सॉकेट आहे. कॅप्चरसाठी यूएसबी डोंगल. संगणकावर लिनक्स.

पहिल्या दिवशी अंधारात, हात मागे घालून केबल डोंगलला लावायला गेले आणि जोर दिला. बाहेर काढून बघितलं तर चारांतली एक पिन आडवी झोपलेली. चिमट्याने तिला उभी केली. आता प्लग नीट आत जातो, चित्रही येतं, पण काळंपांढरं. टेपा रंगीत आहेत, याची शंभर टक्के खात्री. मध्येच प्लगला बोट लागलं की क्षणभर रंग येतात आणि जातात.

पिन तर आता सरळ दिसते आहे. मग अडलंय कुठे? आणि आवाज अजिबात येत नाही, तोही याच पिनमुळे का?

---

अर्धाकप
पिनचा काही संबंध नाही हो. काळंपांढरं म्हणजे पाल आणि एनटीएससीची गल्लत. माझं अगदी असंच झालं होतं. डोंगल मुळात एनटीएससीवर असतं, टेप पाल असते, रंग उडतात. सेटिंग बदला, काम झालं:

```
v4l2-ctl -d /dev/video0 --set-standard=pal
```

---

भटक्या७
माझ्याकडेही हाच त्रास! लॅपटॉपच्या कडेला एस-व्हिडिओचं भोक आहे, पण त्याला सात छिद्रं दिसतात आणि माझ्या केबलला चारच पिना. टीव्हीवर सिनेमा बघायचाय. उरलेल्या तीन पिना कुठून आणायच्या?

---

तारजोड
कॅसेटवाली, आधी आवाजाचं उरकून टाकू. एस-व्हिडिओच्या केबलमधून आवाज जातच नाही, पिना चारही ठणठणीत असल्या तरी. चारांपैकी दोन पिना नुसत्या ग्राउंड, एक उजेडाची आणि एक रंगाची. उजेडाच्या तारेतच चित्र जागेवर धरून ठेवणारा सिंकही असतो. आवाजासाठी व्हीसीआरच्या लाल-पांढऱ्या सॉकेटमधून वेगळी वायर ओढा.

आता मुख्य मुद्दा. चित्र स्थिर आहे आणि फक्त रंग नाहीत, म्हणजे उजेडाची तार जोडलेली आहे. ती तुटली असती तर काळंपांढरं सोडा, काहीच दिसलं नसतं. संशय रंगाच्या तारेवर. बोट लागल्यावर रंग येतात हे तुम्ही स्वतःच लिहिलंय. सेटिंग काही बोटाने बदलत नाही.

पण अर्धाकप यांचं म्हणणं तपासून बाजूला ठेवलेलं बरं. तीन गोष्टी सांगा.
चित्र उभ्यात पूर्ण भरतंय का, की सरकतंय, कापलं जातंय?
पिवळ्या कॉम्पोझिट वायरने हीच टेप लावली तर रंग येतात का? (एस-व्हिडिओची केबल काढून मग लावा, दोन्ही एकदम नको.)
आणि खालच्या आज्ञेत कोणतं इनपुट निवडलेलं दिसतं?

```
v4l2-ctl -d /dev/video0 --list-inputs
v4l2-ctl -d /dev/video0 --get-input
```

भटक्या७, तुमचा प्रश्न उलट्या दिशेचा आहे, इथे टेप संगणकात घ्यायची चालली आहे. पण उत्तर सोपं आहे. चार पिनांचा प्लग सात छिद्रांच्या त्या सॉकेटमध्ये बसतो, जास्तीची छिद्रं मोकळी राहू द्या. सात पिनांचा प्लग चारांच्या सॉकेटमध्ये मात्र जात नाही. तिथे कुणी जोर लावला की मग असे धागे निघतात.

---

अर्धाकप
सेटिंग बदलून बघायला काय जातंय? पाच सेकंदांचं काम.

---

कॅसेटवाली
बदललं. आधीपासून pal च होतं. चित्र वरपासून खालपर्यंत पूर्ण, सरकत नाही. पिवळ्या वायरने रंग येतात! पण लाल कपड्याच्या कडेला बारीक ठिपके मुंग्यांसारखे चालताना दिसतात, म्हणून तर एस-व्हिडिओच्या मागे लागले.

इनपुटच्या यादीत 0 ला Composite आणि 1 ला S-Video आहे. एस-व्हिडिओ लावताना मी 1 निवडलेलंच होतं.

लाल-पांढरी वायर जोडली, आवाज आला. मी उगीच त्या पिनला दोष देत होते.

---

तारजोड
छान. पिवळ्या वायरने रंग आले म्हणजे टेप, व्हीसीआरचं हेड, पाल हे सगळं एका झटक्यात निर्दोष सुटलं.

अर्धाकप, तुमचं म्हणणं अर्धं बरोबर होतं. रंगवाहक पालमध्ये ४.४३ मेगाहर्ट्झवर आणि एनटीएससीमध्ये ३.५८ वर असतो, चुकीचा धरला की रंग जातात. पण पालच्या ६२५ ओळी आणि एनटीएससीच्या ५२५, त्यामुळे ती गल्लत असेल तर बहुतेक वेळा चित्राची उंचीही बिघडते किंवा ते धावायला लागतं. इथे तसं काही नाही.

अजून एक बघून ठेवा, पुढे कुणाच्या तरी कामी येईल. काळंपांढरं दोन प्रकारचं असतं. जिथे रंग असायला हवा त्या भागावर बारीक जाळी किंवा ठिपके दिसत असतील, तर उजेडाच्या तारेत कॉम्पोझिट सिग्नल घुसलाय. पिवळ्या वायरला स्वस्तातला अडॅप्टर लावून ती एस-व्हिडिओच्या भोकात घातली की हे होतं. चित्र स्वच्छ, जुन्या फोटोसारखं गुळगुळीत असेल, तर रंगाची तार पोहोचलेलीच नाही. तुमचं कसं आहे?

---

कॅसेटवाली
अगदी स्वच्छ. ठिपक्यांचा मागमूस नाही. खरं सांगायचं तर काळंपांढरं इतकं सुरेख दिसतंय की तसंच ठेवावं असं एकदा मनात आलं.

---

सरळसोट
माझं मत विचाराल तर एवढा खटाटोप कशाला? व्हीएचएसमध्ये आडव्यात जेमतेम २४० रेषा. एस-व्हिडिओ लावा नाहीतर सोन्याची तार लावा, टेपवर नाही ते येणार कुठून? पिवळी वायर लावा आणि मोकळ्या व्हा.

---

तारजोड
रेषांबद्दल बरोबर आहात, एस-व्हिडिओने एकही रेषा वाढत नाही. पण व्हीएचएसच्या टेपवर उजेड आणि रंग वेगवेगळेच लिहिलेले असतात, रंग खाली ६२७ किलोहर्ट्झच्या आसपास उतरवून. व्हीसीआर वाचताना दोन्ही वेगळे मिळवतो. कॉम्पोझिट बाहेर देण्यासाठी ते एकत्र कालवतो, आणि डोंगल परत वेगळे करायला बसतं. ते वेगळं करणं कधीच पूर्ण जमत नाही, त्याच कॅसेटवाली यांच्या मुंग्या. ज्यांच्या व्हीसीआरला एस-व्हिडिओ आहे त्यांनी कालवाकालव टाळलेली बरी. ज्यांच्याकडे नाही त्यांनी तेवढ्यासाठी नवीन यंत्र शोधत फिरावं का, यावर मी काही बोलणार नाही.

---

सरळसोट
मुंग्या मला कधी दिसल्या नाहीत. असो, टीव्ही लांब असेल माझा.

---

खुडबुड्या
ताई, मल्टिमीटर आहे का? कंटिन्युइटीवर ठेवून केबल तपासा. एका टोकाची पिन आणि दुसऱ्या टोकाची तीच पिन, बीप वाजला पाहिजे. समोरासमोर धरल्यावर डावं-उजवं उलटं होतं, एवढं लक्षात ठेवा. प्रोबची टोकं जाड पडतात आणि दोन पिना एकदम टेकतात, म्हणून प्रोबला शिवणाची सुई बांधून घ्या.

---

कॅसेटवाली
मीटर आहे, सुईही बांधली. निकाल असा: दोन पिना बाहेरच्या धातूच्या कड्याशी बीप देतात, त्या ग्राउंड असाव्यात. उरलेल्या दोन आपापल्या जोडीदाराशी बीप देतात, एकमेकींशी नाही. वाकलेली पिनसुद्धा वाजते, केबल हलवली तरी बीप तुटत नाही.

म्हणजे केबल चांगली आहे! मग डोंगलचं सॉकेट गेलं का?

---

खुडबुड्या
केबल पास झाली तर डोंगलच गेलं. नवीन घ्या.

---

तारजोड
थांबा, डोंगलला एवढ्यात फाशी नको. तुम्ही सुई पिनला टेकवलीत, तेव्हा पिन जिथे होती तिथे सुई गेली. सॉकेटमधली पट्टी अशी पिनला शोधत येत नाही. केबल एकटी पास झाली, आता जोडी तपासायची.

व्हिडिओ इनपुटच्या आत उजेडाच्या आणि रंगाच्या दोन्ही वाटांवर ग्राउंडकडे ७५ ओहमचा भार असतो. त्याचा फायदा घेऊ.
डोंगल यूएसबीतून काढा, त्यात वीज नको. केबलचं वाकलेलं टोक डोंगलमध्ये घाला, दुसरं टोक मोकळं हातात. मीटर ओहमवर, सगळ्यात खालच्या रेंजला. मोकळ्या टोकाला एक प्रोब बाहेरच्या कड्यावर, सुई सिग्नलच्या दोन पिनांवर एकेक करून. आकडे लिहून ठेवा. मग केबल उलटी करा, चांगलं टोक डोंगलमध्ये आणि वाकलेलं हातात, परत तेच.

---

उष्णकटिबंध
पिन सरळ करताना सोल्डरिंग आयर्नने किंचित गरम केली का? गरम केली की धातू मऊ पडतो, तुटत नाही. मी नेहमी तसंच करतो.

---

कॅसेटवाली
आकडे:

वाकलेलं टोक डोंगलमध्ये असताना: एक पिन ७५.४, दुसरी OL, म्हणजे काहीच नाही. प्लग वर दाबून धरला तर दुसरीवर क्षणभर ७६ दिसून परत OL.
चांगलं टोक डोंगलमध्ये असताना: ७५.६ आणि ७५.२.

म्हणजे डोंगल सुटलं?

आणि उष्णकटिबंध, आता कबुली देते. हो, गरम केली होती. एका व्हिडिओत बघितलं होतं. चिमट्याने पिन निम्मी उठली आणि पुढे हलेना, म्हणून आयर्नचं टोक टेकवलं. लोण्यासारखी उभी राहिली. पहिल्या पोस्टमध्ये लिहिलं नाही कारण महत्त्वाचं वाटलं नाही (आणि थोडी लाजही वाटली).

---

तारजोड
डोंगल सुटलं. आणि लोण्यासारखी उभी राहिली ती का, तेही कळलं. पितळेची पिन आयर्नच्या तेवढ्या उष्णतेने मऊ पडत नाही. मऊ पडलं ते तिच्या बुडाचं प्लास्टिक. पिन उभी झाली खरी, पण आता तिला धरून ठेवणारं कुणी नाही. प्लग आत सारला की सॉकेटची पट्टी तिला मागे ढकलते, आणि ती मुकाट मागे जाते. तिच्यामागे तार जोडलेलीच असल्यामुळे मीटर बीप देतो.

खात्री करायची असेल तर जाड कागदाची अरुंद पट्टी कापा, दोन पिनांवर टेकेल एवढी रुंद. ती पट्टी कड्याच्या आत घालून संशयित पिन आणि शेजारची अशा दोघींच्या टोकांवर उभी टेकवा. पट्टी कलली तर पिन मागे गेलेली आहे. वरून डोळ्याने बघताना चारही पिना सारख्याच दिसतात, तिथेच फसगत होते.

उष्णकटिबंध, तुमचं आजवर निभावलं असेल, पण मिनी-डिनवर आयर्न लावू नका.

---

उष्णकटिबंध
जुन्या मोठ्या डिन प्लगवर केलं होतं मी. त्यात प्लास्टिक बेकलाइटसारखं कडक असायचं. हे छोटं वेगळं असेल, मान्य.

---

कॅसेटवाली
पट्टी कलली! चांगली मिलिमीटरभर. फोनचा कॅमेरा जवळ नेऊन तिरका फोटो काढला तेव्हा पिनच्या बुडाशी प्लास्टिकचा छोटा खळगाही दिसला, मेणबत्तीत वातीभोवती पडतो तसा.

आता चिमट्याने ओढून पुढे काढू का?

---

खुडबुड्या
ओढा आणि बुडाशी सुपरग्लूचा थेंब सोडा. डोंगल गेलं म्हणालो ते मागे घेतो.

---

तारजोड
ओढलीत तर येईल, आणि पुढच्या वेळी प्लग लावताना परत जाईल. ग्लूचा थेंब बुडाशीच थांबला तर ठीक, पण तो पातळ असतो, पिनवर चढला तर वर न दिसणारा थर बसतो आणि संपर्क कायमचा जातो. सॉकेटमध्ये ओघळला तर डोंगलही गेलं. मी हे करणार नाही. तो प्लग साच्यात ओतलेला असेल तर उघडताही येत नाही. केबल बदला, किंवा ते टोक कापून नवा प्लग सोल्डर करा.

---

खुडबुड्या
माझा एक प्लग अशा ग्लूवर दोन वर्षं चाललाय. पण तो एकदा लावला तो परत काढलाच नाही, हेही खरं.

---

वाचनमात्र
नेहमी नुसती वाचते, आज लिहिते. पिन गरम न करता सरळ करायची पद्धत कुणीतरी नीट लिहा ना. माझ्याही केबलची एक पिन तिरकी आहे, झोपलेली नाही, नुसती झुकलेली.

---

तारजोड
झुकलेली असेल तर सोपं आहे. चिमट्याने टोक धरून ओढू नका, त्याने पिनला मधे बाक येतो आणि ती एसच्या आकाराची होते. पिनवर सरकेल अशी बारीक धातूची नळी हवी. क्लच पेन्सिलचं पुढचं नळीदार टोक, किंवा रिकाम्या रिफिलचं टोक काढून राहिलेली नळी, जे काही पिनवर ढिलं न होता बसेल ते. नळी पिनच्या बुडापर्यंत सारायची आणि मग नळीलाच हळू उभं करायचं. वाक बुडापाशी पडलेला असतो, उलगडायचाही तिथेच. एकदम नव्वद अंशांत नको, थोडं उठवा, बघा, परत थोडं.

पितळ वाकवलं की तिथे कडक होतं. पहिल्यांदा सरळ होते, दुसऱ्यांदाही कदाचित, तिसऱ्यांदा टोक हातात येतं. ते टोक सॉकेटमध्ये अडकून राहिलं तर केबलसोबत सॉकेटही कामातून जातं, म्हणून सरळ केलेली पिन पहिल्यांदा लावाल तेव्हा हाताला अडथळा जाणवताच थांबा.

लावताना प्लगच्या कड्यावरच्या खाचा बोटाने चाचपून सॉकेटशी जुळवा, मगच दाबा. मध्ये एक चौकोनी प्लास्टिकचा खुंटही असतो, तो चुकीच्या दिशेने आत जाऊ नये म्हणूनच ठेवलाय. खुंट मोडलेला असेल तर ती केबल अंधारात लावायची नाही. हे कॅसेटवालींना उद्देशून नाही.

---

कॅसेटवाली
समजलं, काका :)

खुंट तपासला, शाबूत आहे. म्हणजे त्याला न जुमानण्याइतका जोर मी दिला होता. दुसरी केबल मिळाली, ती लावली. रंग आले! प्लगला टिचकी मारून बघितली, हलत नाहीत. तुमच्या पद्धतीने मोजलं तर ७५.५ आणि ७५.३.

जुनी केबल टाकवत नाही. टोक कापून नवा प्लग बसवते. आत कोणती तार कुठे?

---

तारजोड
कापल्यावर आत दोन बारीक कोॲक्स दिसतील. प्रत्येकीत एक गाभ्याची तार आणि भोवती जाळी. जाळ्या दोन्ही ग्राउंडच्या, पिन १ आणि २ वर. उजेडाचा गाभा ३ वर, रंगाचा ४ वर. कोणता गाभा कोणाचा, ते शाबूत टोकाकडून बीपने शोधा. रंगावर विसंबू नका, प्रत्येक बनवणारा वेगळे रंग घालतो. पिनांचे आकडे प्लगच्या पोटातल्या प्लास्टिकवर बारीक कोरलेले असतात, भिंगाने बघा. ते नसतील तर लक्षात ठेवा, सोल्डरच्या बाजूने मांडणी आरशातल्यासारखी उलटी दिसते.

आणि आता तुमच्या ओळखीचं दुखणं: सोल्डर करताना तेच प्लास्टिक परत वितळणार. म्हणून नवा प्लग एखाद्या निकामी सॉकेटमध्ये खोचून मग सोल्डर करा. सॉकेट पिनांना जागेवर धरून ठेवतं आणि उष्णताही ओढून घेतं. तारेला आणि पिनेला आधी वेगवेगळा कथिल लावून घ्या, म्हणजे जोडताना दोन सेकंद पुरतात. चालत्या डोंगलचं सॉकेट यासाठी वापरू नका.

उजेड-रंग उलटे जोडले गेले तर काही जळत नाही, नुसतं चित्र येत नाही. अदलाबदल करा.

---

खुडबुड्या
आणि रबराची टोपी आधी तारेत ओवा!! चारही जोड झाल्यावर आठवते ती.

---

भटक्या७
माझं चालू झालं. चार पिना सात छिद्रांत बसल्या. टीव्हीवर अक्षरं फुसकी दिसतात पण सिनेमा ठीक. आवाज नाही, पण वर वाचलं, वेगळी वायर लावतो.

---

कॅसेटवाली
प्लग बसवला. टोपी ओवायची विसरले, सगळं सोडवून परत केलं. निकामी मदरबोर्डवरचं माऊसचं सॉकेट घेतलं होतं, पण त्याला सहा छिद्रं, प्लग त्यात जाईना. शेवटी भावाच्या अडगळीतून जुन्या टीव्ही कार्डाचं सॉकेट मिळालं.

पहिल्या खेपेला पडदा नुसता निळा. गाभे उलटे जोडले गेले होते, आरशाचं वाचूनसुद्धा. बदलले, आता दोन्ही केबली चालतात. जुना प्लग चाकूने उभा चिरून बघितला. मागे सरकलेल्या पिनेभोवती प्लास्टिक पिवळं पडलेलं, आणि पिन बोटाच्या नखाने मागेपुढे होते. बाकीच्या तीन जागच्या हलत नाहीत.

आता शेवटचं एक. मुंग्या गेल्या, पण रंग वस्तूपेक्षा किंचित खाली सरकलेला दिसतो. लाल फुग्याचा लाल रंग फुग्याच्या खालच्या कडेबाहेर दोन-तीन ओळी ओघळलेला. दोन्ही केबलींवर तसंच. हे माझ्या सोल्डरिंगचं पाप नाही ना?

---

अर्धाकप
केबलमध्ये रंगाची तार लांब पडली असेल, रंग उशिरा पोहोचतो.

---

तारजोड
तारेच्या लांबीने ओळींइतका उशीर व्हायला तार कित्येक किलोमीटर लांब लागेल. शिवाय दोन्ही केबलींवर तसंच आहे, म्हणजे सोल्डरिंग सुटलं.

व्हीएचएसमध्ये रंग शेजारच्या ओळींत मिसळून स्वच्छ करतात, आणि टेपवरून टेपवर प्रत उतरली की दर प्रतीला तो थोडा खाली उतरतो. तुमची टेप मूळ आहे की कुणी प्रत करून दिलेली?

---

कॅसेटवाली
ते घरात कुणालाच आठवत नाही. एकावर नवऱ्याच्या अक्षरात "कॉपी" लिहिलंय, पण फुगा आहे ती टेप दुसरी आहे आणि तिच्यावर काहीच लिहिलेलं नाही.

---

सरळसोट
"कॉपी" लिहिलेली टेप लावून बघा. तिच्यात रंग जास्त ओघळलेला निघाला तर फुग्याची टेप मूळ असेल.

---

तारजोड
किंवा तीही दुसरी प्रत आणि ही पहिली. पण बघा आणि कळवा. व्हीसीआरमध्ये कुठे एडिट नावाचा स्विच असेल तर तो दोन्हीकडे करून बघा, काही यंत्रांत त्याने चित्राची गाळणी कमी होते. रंग सरकतोच की नाही ते तुमचं यंत्र बघितल्याशिवाय सांगता येणार नाही.

---

कॅसेटवाली
एडिटचा स्विच आहे, पुढच्या झाकणाखाली. बदलला तर चित्र जास्त खरखरीत झालं, फुगा मात्र तिथेच ओघळतोय. "कॉपी"वाली टेप उद्या लावते, आज ती व्हीसीआरने बाहेर काढली तेव्हा एक कोपरा चुरगळलेला होता. त्यासाठी वेगळा धागा काढते.